हाताने शिवलेल्या गोधडीची किंमत नेमकी कशी काढायची?

पऱ्हाटी · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. दोन वर्षांपासून बाळांच्या गोधड्या शिवून विकते. माप तीन फूट बाय चार फूट. वरून छापील सुती कापड, खालून मऊ सुती, मध्ये जुन्या सुती साडीचे दोन थर आणि पूर्ण अंगभर हाताचा धावदोरा. मशीन फक्त कडेच्या पट्टीला.

यंदा दिवाळीआधीच्या दोन-अडीच महिन्यांत १४ गोधड्या गेल्या. ९ घरून, ६५० रुपयांना एक. ५ नागपूरच्या एका दुकानातून गेल्या. दुकानदार विक्रीवर ३० टक्के घेतो, म्हणून तिथे ६५० वर ३० टक्के चढवून ८४५ ची चिठ्ठी लावली होती.

माझा हिशोब असा: वरचं कापड सव्वा मीटर, १२० च्या भावाने १५०. खालचं सव्वा मीटर, ९० च्या भावाने ११२. दोरा वगैरे २० धरा. साडी जुनीच असते. म्हणजे साधारण २८० रुपये लागतात आणि ३७० सुटतात. चौदा गोधड्यांचे पाच हजारांच्या वर व्हायला पाहिजेत. पण परवा नवीन कापड आणायला निघाले तर डब्यात १६०० रुपये. त्या डब्यातून घरखर्चाला मी हात लावत नाही.

आणि वर प्रदर्शनात एक बाई गोधडी उलटीपालटी करून म्हणाल्या, “अशी तर बाजारात चारशेला मिळते.” मी गप्प बसले, कारण माझी साडेसहाशेला का आहे हे मलाच नीट सांगता येत नव्हतं.

अभि_नागपूर · सोमवार, रात्री १०.०५

ताई, एवढं डोकं लावू नका. हस्तकलेत सरळ नियम आहे, मालाच्या खर्चाची तिप्पट. माझी बायको मातीचे दागिने करते, आम्ही असंच करतो. तुमचा खर्च २८० म्हणजे ८४० लावा.

रोजकीर्द · सोमवार, रात्री १०.५०

पऱ्हाटीताई, मी वर्ध्याकडे ११ वर्षं बचत गटांच्या वह्या लिहिल्या आहेत. तुमचे साडेतीन हजार कुणी नेले नाहीत. ते हिशोबात न धरलेल्या गोष्टींवर गेले आहेत आणि शोधले तर सापडतील. उत्तर देण्याआधी तीन गोष्टी विचारते.

एक, सव्वा मीटर हे गोधडीचं माप झालं. तुम्ही ताग्यातून आणता किती आणि त्यातून गोधड्या निघतात किती? दोन, साडी “जुनीच असते” म्हणजे कुणाची? तीन, एका गोधडीला तास किती लागतात? अंदाज नको. घड्याळ बघून पुढच्या दोन गोधड्यांचं टिपून ठेवा. टाके घालायचा वेळ वेगळा आणि बाकीचा वेगळा.

अभिभाऊ, तिप्पटीबद्दल नंतर बोलते.

वऱ्हाडची_सून · मंगळवार, सकाळी ७.१५

ताई मी बी उन्हाळ्यात कुरोड्या, शेवया, मुगवड्या करून इकतो. मले तं किलोमांगं काय भेटते तेच समजत नाही. लोकं म्हणतात दुकानात एवढ्याले भेटते, तुमी काहून महाग लावता. मले बी सांगा कोणता भाव लावला तं गिऱ्हाईक येते.

पऱ्हाटी · मंगळवार, दुपारी २.३०

रोजकीर्दताई, तुमचा पहिलाच प्रश्न झोंबला. मी दोन्ही कापडं दहा-दहा मीटर आणते आणि वहीत पाहिलं तर दहा मीटरमधून सातच गोधड्या निघाल्या आहेत. आठवी कधीच निघाली नाही. कापड आधी भिजवून आटवून घ्यावं लागतं, नाहीतर पहिल्या धुण्यात गोधडी आखडते आणि टाक्यांच्या मध्ये फुगे येतात. चारी बाजूंनी दुमडही जाते.

साडी पहिल्या वर्षी आईची, मावशीची होती. त्या संपल्या. आता बोहारणीकडून १०० रुपयाला एक घेते. एका साडीत दोन गोधड्या होतात. ते पैसे डब्यातूनच देते आणि तरी मनात ती फुकटचीच राहिली.

तासांचं टिपून सांगते. आठवडाभर लागेल.

रोजकीर्द · मंगळवार, रात्री ९.२०

बरोबर. कापड मापाने मोजायचं नाही, ताग्याला निघालेल्या नगांनी भागायचं. दहा मीटरचे १२०० रुपये भागिले ७ म्हणजे १७१. खालचे ९०० भागिले ७ म्हणजे १२९. आटणं, दुमड, वाकडी कात्री, कडेचा फिका पट्टा, सगळं त्या भागाकारात आपोआप येतं. वेगळी “घट” धरायची गरज राहत नाही.

वऱ्हाडच्या सूनबाई, तुमच्या कुरड्यांनाही हेच लागू आहे. गहू किती भिजवला त्याच्यावर भाव काढू नका. वाळून डब्यात भरताना वजन करा आणि सगळा खर्च त्या किलोंनी भागा. गिऱ्हाईक कोणत्या भावाला येईल हा पुढचा प्रश्न आहे. आधी आपल्याला पडलं किती ते कळू द्या.

बांधावरून · बुधवार, रात्री ८.००

कापडाचं पटलं. पण वेळेचे पैसे लावणं मला पटत नाही. आमच्या घरीही बाया दुपारी जेवणं झाली की गोधडी घेऊन बसतात. टीव्ही सुरू असतो, गप्पा सुरू असतात. तो वेळ असाही गेलाच असता. त्याचे पैसे गिऱ्हाइकाकडून मागायचे म्हणजे भाव उगाच फुगवणं झालं. शेतकरी स्वतःच्या मजुरीचे पैसे धरतो का?

रोजकीर्द · बुधवार, रात्री ९.१०

शेतकरी धरत नाही आणि त्याला काय सुटतं ते आपण दोघंही बघतोच आहोत, दादा. सरकार हमीभाव काढताना मात्र घरच्या माणसांची मजुरी धरतं. त्या खर्चाचं नावच ए२ अधिक एफएल आहे, त्यातला एफएल म्हणजे घरच्यांची राबणूक. कापसाच्या बोंडात जर घरच्या बाईचे हात मोजले जातात, तर त्याच कापसाच्या गोधडीत का नाही?

पऱ्हाटी · बुधवार, रात्री ९.४५

बांधावरून दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. मीही टीव्हीसमोर बसूनच शिवते. पण एक सांगते. ऐन दिवाळीत दोन ऑर्डरी मी परत केल्या, कारण तेव्हा वेचणी सुरू झाली होती. दिवसाला ४० किलोच्या आसपास कापूस वेचला जातो आणि किलोला ८ ते १० रुपये मिळतात. गोधडी सोडून मी वेचणीला गेले. का गेले याचा तेव्हा विचार केला नाही. आज करते आहे.

बांधावरून · बुधवार, रात्री १०.००

वेचणीच्या दिवसांचं मान्य. पण मार्च ते मे, शेतात काम नसतं, तेव्हाच्या तासाला तोच भाव लावायचा का? मला अजून नाही वाटत.

कांबी · गुरुवार, सकाळी ६.५०

मी साकोलीकडचा. आमचं घर पिढीजात बुरडकामाचं. सूप, टोपली, डाला, लग्नाच्या परड्या.

अभिभाऊंच्या तिप्पटीवर बोलतो. एका बांबूचे मला ६० रुपये पडतात आणि त्यात चार सुपं निघतात. म्हणजे एका सुपाचा माल १५ रुपये. तिप्पट केली तर ४५ रुपये. आता वेळ बघा. बांबू हिरवा असतानाच चिरावा लागतो, वाळला की कांबी वाकत नाही, तुटते. चिरणं, कांब्या सोलणं, तासून सारख्या करणं, मग विणणं, कड बांधणं. एका सुपाला अडीच तास जातात. ४५ मधून १५ काढले तर अडीच तासाचे ३० रुपये. रोजगार हमीवर माती उचलली तरी जास्त मिळेल.

मातीच्या दागिन्यांना तिप्पट चालत असेल. तिथे हुक, साखळी, रंग, डबी असा माल जास्त असतो. जिथे माल स्वस्त आणि हात जास्त चालतो, तिथे हा नियम माणसाला उपाशी मारतो.

अभि_नागपूर · गुरुवार, सकाळी ९.३०

कांबीदादा, हे मला खरंच लक्षात आलं नव्हतं. आमच्याकडे एका कानातल्याला पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे तिप्पटीत सगळं बसतं. शिंपल्याचं काम असलेला एक मोठा हार आहे, त्याला चार तास लागतात. तोही आम्ही तिप्पटीनेच विकतो. आज हिला सांगतो.

पऱ्हाटी · पुढचा मंगळवार, रात्री १०.१५

दोन गोधड्यांचं घड्याळ लावून टिपलं. एक १३ तास १० मिनिटं, दुसरी १२ तास ५० मिनिटं. १३ धरते.

मला वाटायचं सगळा वेळ टाक्यांतच जातो. तसं नाही. पाऊण इंचावर एक अशा ४८ ओळी होतात. चार फुटांची एक ओळ साधारण १२ मिनिटं घेते. त्याचे साडेनऊ तासांच्या थोडे वर. उरलेले जवळजवळ साडेतीन तास मी कधी मोजलेच नव्हते. कापड भिजवणं, वाळवणं, इस्त्री ५० मिनिटं. कापणं २५. चारही थर सतरंजीवर अंथरून सुरकुती काढत कच्चा टाका घालायला ५०. कडेची पट्टी ४५. शेवटी कच्चे दोरे उसवणं, धुणं, घडी घालणं, सुई राहिली नाही ना हे सगळीकडे हात फिरवून बघणं, अर्ध्या तासाच्या वर.

सुयांचंही लिहिते. मी मोजून पाच सुया काढते आणि पाच परत डबीत ठेवल्याशिवाय गोधडी घडी करत नाही. बाळाच्या अंगाखालची वस्तू आहे.

आणखी एक विचारायचं होतं. मागच्या वर्षी एका लाल कापडाचा रंग पांढऱ्या अस्तरात उतरला आणि अख्खी गोधडी वाया गेली. तिचे पैसे कुठे धरायचे? आता मी आधी ओल्या पांढऱ्या चिंधीवर गरम इस्त्री दाबून बघते. चिंधी गुलाबी झाली की ते कापड घेत नाही.

रोजकीर्द · पुढचा बुधवार, दुपारी ३.००

आता हिशोब मांडू. हळू वाचा, आकडे सगळे तुमचेच आहेत.

माल. वरचं कापड १७१, खालचं १२९, अर्धी साडी ५०, दोरा-पट्टी-साबण मिळून ५०. झाले ४००. तुम्ही २८० धरत होता.

मजुरी. तासाला किती लावायचे हा तुमचा निर्णय, पण खालची कड दाखवते. रोजगार हमीचा महाराष्ट्राचा दर २०२५-२६ ला दिवसाला ३१२ रुपये होता, आठ तासांनी भागला तर ३९. निंदणाचा रोज तुमच्याकडे काय असेल तो लावून बघा, फार लांब जाणार नाही. म्हणून ४० धरू. १३ तासांचे ५२०. हा अकुशल कामाचा भाव आहे, हे विसरू नका. सरळ ओळीत, एकसारखा टाका घालणं कुणालाही येत नाही.

वरचा खर्च. हाच डब्यातून गुपचूप जातो. तुम्ही महिन्याला ६ गोधड्या करता असं मागे एका धाग्यात लिहिलं होतं. महिन्याचं धरू. कापडासाठी जाणं-येणं, एसटीचं अर्धं तिकीट धरूनही ऑटो, चहा मिळून २४०. मोबाइलच्या रिचार्जातला धंद्याचा वाटा १००. पिशव्या आणि चिठ्ठ्या ९०. वीज ६०. मशीनचं तेल-दुरुस्ती वर्षाचे ६००, महिन्याचे ५०. प्रदर्शनाच्या टेबलाचे वर्षाला १२००, महिन्याचे १००. आणि ती लाल गोधडी इथे येते: वर्षाला एक वाया जाते असं धरून महिन्याला ५०. बेरीज ६९०, भागिले ६ म्हणजे ११५.

शिवाय महिन्यातून एक पूर्ण दिवस कापडाला जातो आणि फोटो काढणं, मेसेजला उत्तरं देणं, पार्सल बांधणं यात चार-पाच तास. १२ तास धरू. ४० ने ४८०, गोधडीमागे ८०.

४०० अधिक ५२० अधिक ११५ अधिक ८०. एकूण १११५.

आता ६५० चं काय होतं बघा. ४०० माल गेला, रोख वरचा खर्च ११५ गेला, उरले १३५. शिवण्याचे १३ आणि धावपळीचे २, अशा १५ तासांचे १३५ रुपये. तासाला ९.

पऱ्हाटी · पुढचा बुधवार, दुपारी ३.४०

तासाला नऊ रुपये. मी हे दोनदा परत करून बघितलं.

वऱ्हाडची_सून · पुढचा बुधवार, संध्याकाळी ६.१०

माय वं. अन् ताई ते कडेची पट्टी काहून इकत घेता? कापडाच्या रुंदीतून पट्टा उरतच असन न, तोच लावा.

पऱ्हाटी · पुढचा बुधवार, संध्याकाळी ६.३०

उरतो वहिनी, पाचेक इंचाचा. पण त्याची मी गोधडी ठेवायची थैली शिवते. गोधडीच्याच कापडाची थैली बघून लोक खूश होतात. पट्टी त्यातून काढली तर थैलीला कापड विकत लागेल.

रोजकीर्द · पुढचा बुधवार, रात्री ९.००

आता दुकानाचं, कारण तिथे तुम्ही आणखी खाली गेलात आणि ही चूक मी चांगल्या चांगल्या गटांच्या वहीत पाहिली आहे.

तुम्हाला ६५० हवे होते. तुम्ही ६५० चे ३० टक्के काढून वर चढवले आणि ८४५ झाले. पण दुकानदार ३० टक्के ८४५ वर कापतो, ६५० वर नाही. त्याचे झाले २५३. तुमच्या हातात आले ५९२. प्रत्येक गोधडीमागे ५८ रुपये तुम्ही दिलेत आणि कळलंही नाही.

दुकानदार ३० कापणार म्हणजे शंभरातले ७० तुमचे. म्हणून आपल्याला हवी ती रक्कम ०.७ ने भागायची. ६५० भागिले ०.७ म्हणजे ९२९. त्याचे ३० टक्के काढून बघा, ६५० उरतात. दुकान ४० घेत असेल तर ०.६ ने भागा.

आणि तुमचे हरवलेले पैसे सापडले. मालात १४ गोधड्यांना १२०-१२० कमी धरले, ते १६८०. वरचा खर्च ११५ प्रमाणे १६१०. दुकानात ५८ प्रमाणे पाच नगांचे २९०. तीन हजार पाचशे ऐंशी. तुमच्या ५१८० मधून वजा करा.

पऱ्हाटी · पुढचा बुधवार, रात्री ९.२०

१६००.

अभि_नागपूर · पुढचा बुधवार, रात्री १०.००

हिशोब जबरदस्त आहे. पण १११५ भागिले ०.७ म्हणजे दुकानात जवळजवळ १६०० ची गोधडी होते. नागपुरात मोठ्या दुकानात मशीनची रजई यापेक्षा स्वस्त मिळते. घेणार कोण? खर्च काढला म्हणून बाजार ती किंमत देईलच असं नाही ना.

रोजकीर्द · पुढचा बुधवार, रात्री १०.३०

हे अगदी खरं आहे. १११५ ही गिऱ्हाइकाने द्यायची किंमत आहे असं मी म्हणत नाही. याच्या खाली गेलात तर तुमच्या मजुरीतून भरावं लागतं, एवढंच तो आकडा सांगतो. त्यात नफाही नाही. उद्या नवीन मशीन घ्यायचं तर त्याचे पैसे याच्या वर लागतील.

गिऱ्हाईक १६०० देत नसेल तर दोनच वाटा. एक, १६०० देणारं गिऱ्हाईक शोधा. दोन, वस्तूच बदला, म्हणजे तास कमी लागतील अशी करा. मजुरी ४० ची २० करणं ही तिसरी वाट बहुतेक जण धरतात. ती धरू नका, कारण मग काम वाढेल तसं नुकसान वाढतं.

कांबी · पुढचा गुरुवार, सकाळी ७.००

वस्तू बदलण्याचं माझ्याकडचं सांगतो. मोठा डाला विणायला दीड दिवस जायचा आणि धान्य ठेवायला आता प्लॅस्टिकचे ड्रम आले, भाव मिळेना. त्याच हाताने मी छोट्या टोपल्या विणायला लागलो, लग्नात फळं-सुकामेवा ठेवायच्या. माल कमी, वेळ कमी, आणि तासाला डाल्याच्या दुपटीने सुटतात. डाला फक्त कुणी सांगितला तरच.

ताई, तुमची गोधडी लहान करून बघा. तान्ह्या बाळाला चार फूट लागते का?

पऱ्हाटी · पुढचा रविवार, रात्री ९.५०

कांबीदादांचं ऐकून एक लहान गोधडी केली. अडीच फूट बाय तीन फूट. टाका तोच, ओळीतलं अंतर तेच पाऊण इंच, कारण अंतर वाढवलं की मधली साडी धुण्यात गोळा होते. ओळी ४०, एक ओळ ९ मिनिटांची, म्हणजे टाक्यांचे सहा तास. बाकीचं तीन तास. एकूण ९. बघा, गोधडी लहान झाली तरी बाकीचा वेळ फारसा कमी झाला नाही. भिजवणं, अंथरणं तेवढंच.

दहा मीटरमध्ये ११ निघतील असं कापून बघितलं. दोन्ही कापडं मिळून १९१, साडी ३३ कारण एका साडीत तीन होतात, दोरा-पट्टी-साबण ३७. माल २६१. मजुरी ३६०. वरचा खर्च किती धरू? मोठीचे धावपळीच्या ८० सकट १९५ होते, तेच लावायचे का?

रोजकीर्द · पुढचा रविवार, रात्री १०.२०

नगावर लावू नका, तासावर लावा. लहान गोधड्या महिन्यात जास्त निघतील, त्यामुळे एकीवर तेवढाच बोजा टाकणं बरोबर नाही. मोठीचे १९५ भागिले १३ तास म्हणजे तासाला १५. लहानीला ९ गुणिले १५, १३५. तुमची बेरीज ७५६.

दुकानासाठी ०.७ ने भागा, १०८०. मी ११०० लावेन.

बांधावरून · पुढचा रविवार, रात्री १०.४०

आणि घरून विकताना? ७५६ ला द्यायची की ११०० ला? गावातलं कुणी ११०० देणार नाही.

रोजकीर्द · पुढचा रविवार, रात्री १०.५५

माझ्या मते दोन्हीकडे ११००. घरून विकताना दुकानदाराचं काम तुम्ही करता, दाखवणं, उभं राहणं, उधारी सांभाळणं. आणि दुकानातून घेतलेल्या बाईला कळलं की तीच गोधडी तुमच्याकडे साडेसातशेला आहे, तर दुकानदार पुन्हा तुमचा माल ठेवणार नाही.

कांबी · पुढचा सोमवार, सकाळी ६.४०

इथे मी रोजकीर्दताईंशी सहमत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते, तिथे मी सूप दुकानापेक्षा स्वस्त देतो. व्यापाऱ्यालाही माहीत आहे, तो काही म्हणत नाही, कारण त्याचं गिऱ्हाईक मंडईत येतच नाही. गावाचा भाव वेगळा आणि शहराचा वेगळा असतोच. मात्र खर्चाच्या खाली मी मंडईतही जात नाही. संध्याकाळी माल उरला की घरी आणतो.

पऱ्हाटी · त्यानंतरचा शनिवार, रात्री ८.३०

नागपूरला जाऊन आले. दुकानदारासमोर वही उघडून बसले. मोठी १६०० ला ठेवायला त्याने नकार दिला, शोकेसमध्ये पडून राहील म्हणाला. लहान चार ठेवून घेतल्या, चिठ्ठी ११०० ची. पैसे विकल्यावर. मोठी आता फक्त सांगून करणार, अर्धे पैसे आधी. यवतमाळच्या एका बाईंनी नातीसाठी एक सांगितली आहे आणि ६०० पाठवले आहेत. त्यांना मी तास सांगितले, ओळी सांगितल्या. त्यांनी घासाघीस केली नाही.

घरून लहानी कितीला द्यायची हे अजून ठरत नाही. शेजारच्या काकूंना सुनेच्या बाळंतपणासाठी हवी आहे. त्यांना ११०० सांगायला जीभ उचलत नाही आणि ७५६ सांगितले तर उद्या सगळं गाव तेच मागेल.

आणि आज सकाळी बोहारीण आली होती. साडीचे १०० चे १३० झाले म्हणते. लहानीला ३३ ऐवजी ४३ पडतील. म्हणजे ७६६. दुकानातून ११०० चे ७७० हातात येतात. चार रुपये उरतात, म्हणून चिठ्ठी सध्या तशीच ठेवली आहे. कापडाचा तागा पुढच्या महिन्यात आणायचा आहे, तेव्हा पुन्हा भागाकार करीन.

वऱ्हाडची_सून · त्यानंतरचा शनिवार, रात्री ९.०५

ताई, म्या बी काल मुगवड्या वाळल्यावर काट्यावर मोजल्या. डाय भिजवली होती त्याच्याहून कमी भरल्या. इतके दिवस म्या डायीच्या किलोवर भाव काढत होतो. गॅसचं कसं धराव, ते सांगा कोणी. स्वयंपाक बी त्याच सिलिंडरवर होते.